वार लावून जेवणे

संध्याकाळी सातच्या सुमारास मराठी घरात एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला सरळ उत्तर मिळाल्याचं ऐकिवात नाही. "आज काय करू?" यावर पेपरामागून "काहीही कर" असं उत्तर येतं. मग विचारणारी म्हणते, "दुधी करू?" पेपर खाली येतो. "दुधी नको." "वांगी?" "परवाच झाली की." "मग पिठलं टाकते." "पिठलं चालेल, पण आज नको वाटतंय." असा पंधरा मिनिटांचा तह-वाटाघाटींचा कार्यक्रम झाल्यावर शेवटी खिचडी होते. खिचडीला एवढा वेळ लागतच नाही, वेळ लागतो तो खिचडीपर्यंत येऊन पोचायला.

पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवारी सदाशिव पेठेत एका घरी, मंगळवारी नारायण पेठेत दुसरीकडे. हाल पुष्कळ होते, अपमानही होते, पण एक गोष्ट मानायला हवी, आज काय जेवायचं या विषयावर त्या मुलांनी आयुष्यातलं एक मिनिटही खर्च केलं नाही. वार उजाडला की घर ठरलेलं आणि पानात पडेल ते भोजन. माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, म्हणजे मी आता सात घरं शोधू?"

भाचा आणि भाचेसून दोघंही हिंजवडीत नोकरीला. लग्नाला वर्ष झालेलं नाही. पोळ्यांना बाई येतात, बाकीचं दोघं मिळून करतात, म्हणजे करायचं ठरवतात. रात्री आठला घरी पोचायचं, फ्रीज उघडायचा, त्यातल्या गारव्यात थोडा वेळ उभं राहायचं आणि मोबाइलवरून काहीतरी मागवायचं. फ्रीजमध्ये भाजी नव्हती असं नाही. अर्धा दुधी होता, काळी पडलेली मेथी होती, एक ढोबळी मिरची होती आणि पिशवीच्या तळाशी हिरवं पाणी सुटलेली कोथिंबीर होती. त्या सगळ्यांचं मिळून काय करता येईल, हा प्रश्न सुगरणीलाही सुटला नसता.

मग भाच्याने स्वतःच तोडगा काढला. संगणकावर तक्ता केला, वारांना रंग दिले. सोमवारी पालक पनीर, मंगळवारी मशरूम मटार, बुधवारी भरली वांगी, गुरुवारी थाई करी, शुक्रवारी राजमा, शनिवारी बिर्याणी. दिसायला तक्ता लग्नाच्या कॅटररच्या कार्डासारखा देखणा होता. सामानाची यादी मात्र दोन पानं भरली. थाई करीला नारळाच्या दुधाचं खोकं, बिर्याणीला पुदिना आणि केशर, मशरूमला क्रीम. प्रत्येक वस्तू लागणार एकदाच आणि मिळणार पूर्ण पाकीट. दुसऱ्या आठवड्यात तक्ता भिंतीवर होता आणि उरलेली पाकिटं फ्रीजच्या दारात.

नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं, आठवड्याचं वेळापत्रक म्हणजे सात पदार्थ निवडायचे. पदार्थांपासून सुरुवात केली की प्रत्येक पदार्थ आपलं स्वतःचं बिऱ्हाड घेऊन येतो. सुरुवात करायची ती भाजीच्या आयुर्मानापासून. रविवारी सकाळी मंडईतून आणलेली पालेभाजी फार तर मंगळवार बघते. भेंडी, गवार, वांगी तीन-चार दिवस बरी राहतात. फ्लॉवर, कोबी, दुधी आठवडाभर तग धरतात. कांदे-बटाटे तर विचारूच नका. तेव्हा ज्याचं मरण जवळ त्याला आधी कढईत घ्यायचं, म्हणजे वार आपोआप लागत जातात. हे कळायला पाकशास्त्राची पदवी नको, मेथीची जुडी एकदा गुरुवारपर्यंत ठेवून बघितली की पुरे.

या हिशोबाने आम्ही बसलो. बाजाराचा दिवस रविवार सकाळ. शिवाय असं ठरवलं की रात्री भाजी जास्तीची करायची, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा दोघांचा डबाही त्यातच निघतो. दोघांच्या एका जेवणाला पाव किलो भाजी हे आपलं पिढीजात माप, म्हणजे डबा धरून अर्धा किलो.

रविवारी रात्री पालेभाजी. पाला शिजून बसतो, तेव्हा मेथी असेल तर दोन भरघोस जुड्या. सोमवारी नाजूक भाजी, म्हणजे भेंडी, गवार, तोंडली किंवा वांगी. मंगळवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ. बुधवारी टिकाऊ भाजी, फ्लॉवर नाहीतर कोबी नाहीतर दुधी. गुरुवारी बटाटा. शुक्रवारी पिठलं, कारण तोवर भाजीचा कप्पा मोकळा झालेला असतो आणि शनिवारी डबा नसतो. पिठलं डब्यात नेणाऱ्याने दुपारी तो घट्ट गोळा बघितलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा नेत नाही. शनिवारी उरलंसुरलं. रविवारी दुपारी हौस.

भाचेसुनेने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "पण मावशी, यात पदार्थाचं नाव कुठेच नाहीये." नसायलाच हवं. ती आठ वर्षं होस्टेलवर राहिलेली. तिथे बुधवारी राजमा म्हणजे बुधवारी राजमाच, जून असो की डिसेंबर. जिन्यात वास आला की मुलींना वार कळायचा, असं ती सांगते. तिथला फेरा पदार्थांचा होता म्हणून त्याचा कंटाळा आला. आपण फेरा लावतोय तो प्रकारांचा. सोमवार भेंडीचा नाही, नाजूक भाजीचा आहे. मंडईत भेंडी कोवळी असेल तर भेंडी, नसेल तर तोंडली. निवड करायची ती गाड्यासमोर उभं राहून, भाजी हाताळून, तीन-चारच नावांतून. रात्री आठला, उपाशीपोटी, सगळ्या पाकशास्त्रातून नव्हे. माणसाला थकवा येतो तो स्वयंपाकाचा कमी आणि पर्यायांचा जास्त.

आता बाजाराचं बघा. दोन जुड्या पालेभाजी, अर्धा किलो नाजूक, एक टिकाऊ. फ्लॉवर घ्याल तर पाऊण किलोचा गड्डा घ्या, पानं आणि दांडे काढल्यावर अर्धा किलो हाती लागतो. बटाटे किलोभर, कारण गुरुवारचे आणि शनिवारचे मिळून तेवढे संपतात. कांदे किलोभर, टोमॅटो पाऊण किलो. वर आलं, मिरच्या, लिंबं, कढीपत्ता, कोथिंबीर. ही यादी दर रविवारी तीच. लिहून नेण्याचीही गरज पडत नाही, पिशवीतले कप्पे मोजले की झालं. खर्चाचा अंदाज तर असा बसतो की टोमॅटो महागला हे बातम्यांच्या आधी तुम्हाला कळतं.

कोथिंबिरीवर मात्र अजून उपाय निघालेला नाही. जुडी लहान घेतली तर बुधवारी संपते, मोठी घेतली तर शनिवारी फेकावी लागते. मुळं कापून, न धुता, कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर आठवडाभर निभते. न धुता हे महत्त्वाचं. भाजी आणल्या आणल्या धुऊन ओलीच फ्रीजमध्ये सारणारे लोक स्वच्छताप्रिय असतात आणि त्यांची भेंडी मंगळवारी बुळबुळीत होते.

खरी मेख मंगळवारात आहे. बाकीचे वार त्या दिवशी घरी येऊन निभावता येतात, उसळीचं तसं नाही. मंगळवारी रात्री उसळ हवी तर वाटीभर मटकी रविवारी रात्री निजताना भिजत पडली पाहिजे. सोमवारी सकाळी पाणी काढून टाकायचं, मटकी स्वच्छ धुऊन सुती फडक्यात बांधायची आणि ते गाठोडं चाळणीत ठेवून वर झाकण घालायचं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. ही मटकी म्हणजे घरातला एकमेव पदार्थ, ज्याचा निर्णय दोन दिवस आधी घ्यावा लागतो. म्हणून तर ती वेळापत्रक नसलेल्या घरात होत नाही. "आज मटकीची उसळ करू या" हे वाक्य त्या दिवशी उच्चारून काही उपयोग नसतो.

पुण्याच्या डिसेंबरात मोड रुसतात. तेव्हा गाठोडं गॅसच्या ओट्याजवळ किंवा बंद ओव्हनच्या पोटात ठेवावं, उबेने येतात. मे महिन्यात उलट. सोमवारी रात्रीच मोड डोकावलेले असतात आणि गाठोडं तसंच बाहेर राहिलं तर मंगळवारी फडकं सोडल्यावर आंबूस वास येतो, दाणे बोटाला चिकटतात. असं झालं तर हळहळत न बसता टाकून द्यावी. मोड नुकतेच दिसले असतील तर फ्रीजमध्ये सारावी, तिथे दोन दिवस सुखाने राहते. भाच्याने पहिल्या मंगळवारी मला फोटो पाठवला, गाठोडं सोडलेलं आणि मोड सरळ उभे. खाली मजकूर होता, "मावशी, जिवंत आहे." बारशाचं आमंत्रणही याहून थंडपणे देतात लोक.

किराण्याचं गणित वेगळं, कारण तो महिन्याने भरायचा. इथे नवखी मंडळी एकतर अर्धा किलो डाळ आणतात नाहीतर लग्नघराएवढी. जरा वारांकडे बघा. उसळीच्या, पिठल्याच्या आणि शनिवारच्या दिवशी आमटी लागत नाही. राहिले चार दिवस. दोघांच्या आमटीला अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण साठ ग्रॅम. आठवड्याची अडीचशे धरा, महिन्याची किलोभर. पोळ्यांचंही तसंच. डब्याच्या तीन-तीन आणि रात्रीच्या दोन-दोन म्हणजे रोज दहा, एका पोळीला तीस ग्रॅम कणीक, रोजची तीनशे. महिना नऊ किलोंचा होतो, बाहेर जेवण्याचे दिवस वजा केले तर आठ. म्हणून पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या दोन खेपांना आणाव्यात. एकदम दहा किलो आणून पावसाळ्यात ठेवली की कणकेत दुसरीच वस्ती होते आणि तिला डबा लागत नाही.

आकड्यांचा कंटाळा असेल त्याने डब्यावर पेन्सिलीने खूण करावी. भरला तेव्हा कुठे होता, पंधरा दिवसांनी कुठे आला. दुप्पट केलं की महिना निघाला. कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन पदार्थ नवख्यांच्या आवाक्यात आणले. महिन्याच्या सामानालाही तेच लागू आहे, माप स्वतःच्या वाटीचं हवं, दुकानदाराच्या अंदाजाचं नको. दुकानदाराचा अंदाज नेहमी मोठा निघतो.

शनिवारबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो बाहेरून आळसाचा दिसतो आणि आतून सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. शनिवारी नवीन काही आणायचं नाही. बुधवारचा फ्लॉवरचा तुकडा, चार गवारीच्या शेंगा, एक गाजर, मऊ पडायला लागलेले टोमॅटो, जे काही कप्प्यात असेल ते बाहेर काढायचं. त्याचा मसालेभात होतो, सांबार होतं आणि फारच विजोड मंडळी जमली असतील तर पावभाजी होते. पावभाजीने महाराष्ट्रातल्या भाज्यांवर जे उपकार केलेत त्यांची नोंद कुठेच नाही. दुधी नको म्हणणारी माणसं तोच दुधी पावाला लावून, वर लोणी घालून, पुन्हा मागून खातात. शनिवारी रात्री भाजीचा कप्पा रिकामा झाला तर समजावं गणित बरोबर आहे. लागोपाठ दोन-तीन शनिवार एकच भाजी उरत असेल तर ती पुढच्या रविवारी कमी आणावी. भाच्याकडे टोमॅटो उरायचे. पाऊण किलोचे अर्धा किलो केले आणि प्रश्न मिटला.

आता आपल्या तिथींचं. सात दिवसांचा फेरा वारांनी चालतो आणि आपले बरेच उपास तिथींनी. सोमवार किंवा गुरुवार करणाऱ्यांचं सोपं आहे, तो वार कायमचा बाजूला काढायचा. संकष्टी आणि एकादशी मात्र दर महिन्याला वेगळ्याच वारी येऊन उभ्या राहतात. भाचेसून संकष्टी करते. पहिल्याच महिन्यात संकष्टी नेमकी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकीच, आणि भाचा घाबरला की सगळं वेळापत्रक कोसळलं.

काही कोसळत नाही. नीट बघितलं तर संकष्टीला जातो तो डबा, रात्रीचं जेवण जात नाही. चंद्रोदय झाला की पान वाढलं जातंच, भले रात्रीचे साडेनऊ होवोत. तेव्हा आदल्या रात्रीची भाजी एका डब्यापुरती कमी करायची, बस. तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, त्याच्या डब्यात भेंडी. एकादशीचा प्रकार उलटा. ती द्वादशीला सुटते, त्यामुळे रात्रीचं जेवणच गायब. अशा वेळी पुढे ढकलायचा तो टिकणारा वार. पिठलं आणि बटाटा यांना कुठेही बसवा, ती तक्रार करत नाहीत. मेथीला ढकलू नका.

साबुदाणाही मटकीच्याच जातीचा, आदल्या रात्री आठवला तर आठवला. म्हणून रविवारी बाजारातून आलं की आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं आणि त्या आठवड्यात काही तिथी असेल तर वेळापत्रकाच्या कागदावर त्या वारापुढे फुली मारायची. १९७३पासून मराठी घरांत ते कॅलेंडर दुधाच्या खाड्यांसाठी आणि चंद्रोदयासाठी टांगलेलं आहे, शेजारी हा कागद शोभून दिसतो.

मांसाहारी घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार परंपरेने लागलेलेच असतात, तिथे निम्मं वेळापत्रक आजीने केव्हाच करून ठेवलेलं असतं. फक्त बुधवारी मासे आणले तर टिकाऊ भाजी शनिवारकडे सरकते एवढंच. श्रावणात सगळी चौकट पुन्हा शाकाहारी होते आणि त्याच सुमाराला पालेभाजी चिखलाने माखलेली आणि महागडी मिळते. तेव्हा दोन महिने रविवारी रात्री पालेभाजीऐवजी मूगडाळ घालून पडवळ किंवा दोडका करावा. थंडीत मेथी स्वस्त झाली की पालेभाजी आपल्या जागी परत.

हे सगळं सुरळीत सुरू झालं आणि अडचण आली ती रविवार दुपारची. आठवडाभर निर्णय घ्यावे लागत नव्हते, त्यामुळे दोघांच्या अंगात निर्णयशक्ती साठलेली. हौसेच्या जेवणासाठी शनिवारी रात्री चर्चा सुरू होई आणि रविवारी दीड वाजता संपे. त्याला छोले हवे असत, छोले भिजवलेले नसत. तिला बिर्याणी हवी असे, पण ती त्याने करायला हवी असे. शेवटी मी सांगितलं की विषम रविवार त्याचा आणि सम रविवार तिचा, आणि महिन्यात पाचवा रविवार आला तर माझ्याकडे जेवायला या. पाचव्या रविवारची दोघं आता कॅलेंडरात आधीच खूण करून ठेवतात.

खरी परीक्षा माझी बहीण राहायला आली तेव्हा झाली. तिने संसारात एकदाही वेळापत्रक केलं नाही. सकाळी उठून घरात फिरून "आज काय करायचं गं" असं विचारायचं आणि उत्तर न ऐकता स्वतःच ठरवायचं, ही तिची चाळीस वर्षांची सत्ता. फ्रीजवरचा कागद तिने चष्मा लावून वाचला. "यात ताक कुठे लिहिलंय?" तिने विचारलं. ताक लिहिलेलं नव्हतं. बुधवारी ती खाली गेली आणि अळूची दोन जाडजूड जुडगी घेऊन आली.

"आई, आज टिकाऊ भाजी आहे," भाचा म्हणाला.

"अळू टिकत नाही."

"तेच म्हणतोय मी. ते रविवारी आणायचं."

"रविवारी हा अळूवाला नसतो रे."

याला वेळापत्रकात उत्तर नव्हतं. भाचेसुनेने न बोलता पेन घेतलं, बुधवारपासून एक बाण काढून तो शनिवारकडे नेला आणि सासूबाईंना विचारलं, "आई, फदफद्यात दाणे घालायचे की हरभऱ्याची डाळ?" बहिणीने दोन्ही भिजत घालायला सांगितलं. फ्लॉवर शनिवारी पावभाजीत गेला आणि शनिवारचे बटाटे उरले म्हणून पुढच्या रविवारी अर्धा किलो कमी आणले.